रात्री बाराची शिरगणती

तीस खाटांच्या एखाद्या रुग्णालयात संध्याकाळी 'आत्ता किती पेशंट आहेत?' असं विचारून पाहावं. रिसेप्शनचं रजिस्टर २३ म्हणतं, वॉर्डातल्या सिस्टरांच्या वह्यांची बेरीज २४ येते आणि बिलिंगच्या संगणकावर २१ दिसतात. यात कुणीच खोटं बोलत नसतं. रिसेप्शनला दाखल झालेला दिसतो, पण न सांगता निघून गेलेला दिसत नाही. वॉर्डाला खाटेवरचा माणूस दिसतो. बिलिंगच्या लेखी बिल चुकतं झालं की पेशंट गेला. मग तो रिक्षाची वाट पाहत खाटेवरच का बसलेला असेना. मालक-डॉक्टर किंवा व्यवस्थापक यांपैकी जो आकडा आधी हाती येईल तो धरून चालतो, आणि महिनाअखेरीला त्यावरूनच 'आपलं रुग्णालय सत्तर टक्के भरलेलं असतं' असं म्हणतो.

हा घोळ मिटवण्यासाठी रुग्णालयांत एक जुनी रीत आहे. दिवसातला एक क्षण ठरवायचा आणि त्या क्षणी आंतररुग्ण म्हणून नोंद असलेले किती जण आहेत ते मोजायचं. बहुतेक ठिकाणी हा क्षण रात्री बाराचा असतो, म्हणून याला 'मिडनाइट सेन्सस' म्हणतात. मध्यरात्रीच का, तर त्या वेळी हालचाल सगळ्यात कमी असते. अकरा चाळीसला दाखल झालेला आजच्या मोजणीत येतो, बारा दहाला आलेला उद्याच्या. बारा वाजता पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये असला तरी त्याच्या वॉर्डातच मोजायचा. कॅज्युअल्टीत सलाइन लावून निजवलेला, पण आयपीडी नंबर न पडलेला माणूस मात्र या मोजणीत येत नाही.

नुसती डोकी मोजून कागद पुरा होत नाही. रोजचा अहवाल दुकानाच्या रोजकीर्दीसारखा मांडायचा असतो: कालची शिल्लक, त्यात आज आलेले, त्यातून आज गेलेले आणि उरलेली आजची शिल्लक. लंडनमध्ये १८६० साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सगळ्या रुग्णालयांसाठी एकच नमुना सुचवला, तो याच घाटाचा होता. सुरुवातीला असलेले रुग्ण, दाखल झालेले, बरे होऊन गेलेले, स्वतःच्या मागणीवरून गेलेले, मृत्यू पावलेले, शेवटी उरलेले आणि सरासरी मुक्काम असे त्यातले रकाने होते. 'स्वतःच्या मागणीवरून' म्हणजे आपल्याकडे ज्याला 'डामा' म्हणतात तेच, डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी जाणं. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी या रकान्यांत विशेष भर घालावी लागलेली नाही.

समजा, आपलं हे तीस खाटांचं रुग्णालय तालुक्याच्या गावातलं आहे आणि आपण मंगळवारचा अहवाल भरतो आहोत. अहवालाचा कागद असा दिसेल:

| विभाग | खाटा | काल शिल्लक | दाखल | शिफ्ट आत | शिफ्ट बाहेर | डिस्चार्ज | डामा | मृत्यू | आज शिल्लक |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| पुरुष | ८ | ६ | २ | १ | १ | २ | ० | ० | ६ |
| स्त्री | ८ | ५ | २ | ० | ० | १ | १ | ० | ५ |
| प्रसूती | ६ | ४ | २ | ० | ० | १ | ० | ० | ५ |
| स्पेशल | ४ | ३ | ० | १ | ० | १ | ० | ० | ३ |
| आयसीयू | ४ | ३ | १ | ० | १ | ० | ० | १ | २ |
| एकूण | ३० | २१ | ७ | २ | २ | ५ | १ | १ | २१ |

काल एकवीस, आज एकवीस. नुसता शेवटचा आकडा पाहणाऱ्याला वाटेल, मंगळवार शांत गेला. प्रत्यक्षात सात जण आले, सात गेले आणि दोघांना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलं. प्रत्येक आल्या-गेल्यामागे केसपेपर, चादर, औषधांचा हिशेब आणि बिल असतं. सिस्टरांची दमछाक पाहायची तर ती मधल्या रकान्यांत पाहावी, शेवटच्या रकान्यात ती दिसणार नाही.

'शिफ्ट'चे दोन रकाने या कागदात विशेष महत्त्वाचे आहेत. आयसीयूतून पुरुष वॉर्डात आलेला माणूस रुग्णालयात नव्याने आलेला नाही आणि तिथून बाहेरही गेलेला नाही. म्हणून संपूर्ण रुग्णालयाच्या ओळीत 'शिफ्ट आत' आणि 'शिफ्ट बाहेर' यांची बेरीज सारखीच आली पाहिजे. इथे दोन आणि दोन आहे. पण आता समजा, पुरुष वॉर्डातला पेशंट स्पेशल रूममध्ये गेला, स्पेशलच्या सिस्टरनी त्याला आपल्या वहीत घेतलं, आणि पुरुष वॉर्डाच्या सिस्टर त्याचं नाव काढायला विसरल्या. त्याच्या खाटेवर पिशवी तशीच होती आणि भाऊ तिथेच पाय पसरून झोपलेला होता, त्यामुळे लक्षातही आलं नाही. मग पुरुष वॉर्ड सहाच्या जागी सात लिहितो आणि वॉर्डांची बेरीज बावीस होते. दुसरीकडे, काल २१, अधिक ७ दाखल, वजा ५ डिस्चार्ज, वजा १ डामा, वजा १ मृत्यू, हे गणित एकवीस सांगतं.

असा एकाचा फरक आला की आधी शिफ्टचे रकाने पाहावेत. आत दोन आणि बाहेर एक दिसलं की माणूस कुठे दोनदा मोजला गेला ते कळतं. शिफ्ट जुळत असेल तर डामा पाहावा. न कळवता निघून गेलेला पेशंट रिसेप्शनच्या दृष्टीने आत असतो आणि वॉर्डाच्या दृष्टीने बाहेर. तिथेही सापडलं नाही तर मध्यरात्रीच्या आसपास दाखल झालेल्यांची वेळ तपासावी, कारण अकरा पंचावन्नचा पेशंट एक जण आज लिहितो आणि दुसरा उद्या. फरक बहुतेक वेळा या तीन जागांपैकीच कुठेतरी सापडतो.

याहून अवघड म्हणजे एकमेकांना खाऊन टाकणाऱ्या चुका. एक डामा नोंदवायचा राहिला आणि त्याच रात्री आलेल्या एकाची नोंद रिसेप्शनला पोचली नाही, तर बेरीज बिनचूक जुळते आणि माणसं मात्र चुकतात. म्हणून आकड्यांच्या पानामागे नावांचं पान हवंच: खाट क्रमांक, आयपीडी नंबर, नाव, दाखल तारीख. रात्रपाळीच्या सिस्टरनी ते पान हातात घेऊन खाटेखाटेपाशी जावं आणि खूण करावी. तीस खाटांना हे काम फार वेळाचं नाही. टेबलाशी बसून वहीवरून वही उतरवणं म्हणजे सेन्सस नव्हे, एवढं तरी इनचार्ज सिस्टरनी ठणकावून सांगावं. ट्रस्टींकडे किंवा भागीदारांकडे जाताना फक्त आकड्यांचं पान जावं. नावांचं पान वॉर्डात आणि व्यवस्थापकाकडेच राहावं.

नावांचं पान केवळ हिशेबासाठी नसतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं दगावली, सात बाहेर काढता आली. अशा वेळी आत कोण आणि किती होतं, हे सांगणारा ताजा कागद इमारतीत हाताशी असावा लागतो.

बाळांची मोजणी हा प्रसूतिगृहांत हमखास वादाचा विषय असतो. आपल्या प्रसूती विभागात आज पाच बायका आहेत. त्यातल्या तिघी बाळंत झाल्या आहेत आणि तीन बाळं आईजवळच्या पाळण्यांत आहेत. रीत अशी, की आईजवळचं निरोगी बाळ आंतररुग्णांच्या मुख्य मोजणीत धरायचं नाही आणि त्याचा पाळणा खाटांमध्ये धरायचा नाही. दोन्ही वेगळ्या ओळीत लिहायचे: 'आईजवळची नवजात बाळं – ३'. त्यातलं एखादं बाळ कावीळ किंवा श्वासाच्या त्रासासाठी नवजात कक्षात स्वतःच्या आयपीडी नंबरवर दाखल झालं, की ते रुग्ण म्हणून मोजणीत येतं. प्रसूतीचं टेबल, ऑपरेशननंतर थोडा वेळ ठेवायची रिकव्हरीची खाट, डायलिसिसची खुर्ची आणि कॅज्युअल्टीची निरीक्षण-खाट यांनाही आंतररुग्ण खाटांत जागा नाही. त्या धरल्या तर खाटांचा आकडा फुगतो आणि टक्केवारी उगाच खाली येते.

आता टक्केवारीकडे येऊ. एकवीस भागिले तीस म्हणजे ७० टक्के. पण हे तीस कुठून आले? महाराष्ट्रात रुग्णालयाची नोंदणी शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते आणि प्रमाणपत्रावर खाटांची संख्या लिहिलेली असते. त्या झाल्या नोंदणीकृत खाटा. मंगळवारी मात्र आयसीयूतल्या एका खाटेचा मॉनिटर बंद होता आणि एका स्पेशल रूमचं छत गळत होतं. पेशंटला देता येतील अशा खाटा अठ्ठावीसच होत्या. एकवीस भागिले अठ्ठावीस म्हणजे ७५ टक्के. नोंदणीकृत खाटांवरचा आकडा सरकारी कामाला आणि मागच्या वर्षाशी तुलनेला उपयोगी, तर चालू खाटांवरचा रोजच्या कारभाराला. अहवालात दोन्ही असावेत आणि बंद खाटांपुढे कारण आणि तारीख लिहावी. 'मॉनिटर दुरुस्तीला, नऊ दिवस' अशी ओळ रोज डोळ्यांसमोर आली की कुणीतरी फोन करतं. रुग्णालयं खाटा नसल्याने कमी आणि खाट वापरात नसल्याने जास्त अडतात, असं माझं मत आहे.

उलटही घडतं. डेंग्यूच्या दिवसांत व्हरांड्यात चार जादा कॉट टाकल्या, त्यावरचे पेशंट मोजले, पण भागाकार तीसनेच केला, तर भरणा शंभरच्या वर जातो. सरकारी रुग्णालयांच्या शंभरहून अधिक टक्क्यांमागे अनेकदा हेच गणित असतं. तो आकडा चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त 'जादा कॉट – ४' अशी वेगळी ओळ हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की एका खाटेवर दोन माणसं झोपली होती. काही ठिकाणी खरोखर झोपलेलीही असतात, तो भाग निराळा.

सकाळी दोघे दाखल होतात आणि त्यातला एक जण संध्याकाळीच घरी जातो, त्याचं काय? आपल्या कागदावर पुरुष वॉर्डात असं एक नाव आहे. जुलाबाने गळून गेलेला तरुण सकाळी आला, सलाइन घेऊन संध्याकाळी गेला. बारा वाजता तो नाही, म्हणून शिल्लकीत येत नाही, पण खाट तर त्याने दिवसभर वापरली. अशांसाठी 'त्याच दिवशी दाखल व डिस्चार्ज' अशी ओळ ठेवतात आणि त्यांचा प्रत्येकी एक दिवस धरतात. म्हणून मंगळवारचे रुग्णदिवस एकवीस नव्हे, तर बावीस. मोतीबिंदू किंवा केमोथेरपी करणाऱ्या छोट्या रुग्णालयात ही एक ओळ गाळली तर अर्धं काम कागदावरून नाहीसं होतं. बिलातला दिवस मात्र याहून वेगळा असतो. कुठे तो चोवीस तासांचा, कुठे दुपारी बारापासून बारापर्यंतचा. सेन्ससचे दिवस आणि बिलाचे दिवस जुळत नाहीत म्हणून अकाउंटंटशी भांडू नये.

एवढं सगळं नीट भरलं तरी मध्यरात्रीच्या आकड्याला दुपार दिसत नाही. मंगळवारी दुपारी बारा वाजताचं चित्र काय होतं ते बघा. रात्रीचे एकवीस होतेच, सकाळपासून पाच नवे आले. चौघांना राउंडमध्ये डिस्चार्ज सांगितला होता, पण कुणाचं बिल तयार नव्हतं, कुणाची विमा कंपनीची मंजुरी यायची होती, कुणाचा मुलगा कामावरून सुटल्यावर गाडी घेऊन येणार होता. म्हणजे अठ्ठावीस चालू खाटांवर सव्वीस माणसं, ९३ टक्के भरणा. पुरुष वॉर्ड सहा जुने आणि दोन नवे मिळून गच्च. आयसीयूतला एक जण वॉर्डात आणण्याजोगा झालेला, पण पुरुष वॉर्डात जागा नाही. पुरुष वॉर्डातल्या ज्याला स्पेशल रूम हवी होती, त्याची खोली अजून सुटलेली नाही. तेवढ्यात छातीत दुखणारा एक माणूस आला आणि आयसीयूच्या चालू तिन्ही खाटा भरलेल्या असल्याने तीन वाजेपर्यंत कॅज्युअल्टीतच राहिला. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात मात्र '७५ टक्के' असं शांतपणे छापून आलं.

यावर उपाय साधा आहे: दुपारी बाराची दुसरी मोजणी. तिला सगळे रकाने लागत नाहीत. प्रत्येक वॉर्डातल्या भरलेल्या खाटा, डिस्चार्ज सांगितलेले पण न गेलेले आणि खाटेची वाट पाहणारे, एवढे तीन आकडे पुरतात. डिस्चार्ज सांगितल्याची वेळ आणि खाट रिकामी झाल्याची वेळ लिहिली की अडथळा कुठे आहे ते दिसतं. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस पेशंटच्या डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची मागणी पोचल्यापासून तीन तासांत द्यायची असते. पण रुग्णालयानेच कागद दुपारी एकला पाठवले तर ते तीन तास चारला संपणार, यात विमा कंपनीला दोष देता येत नाही. अनेक ठिकाणी नवी इमारत बांधण्याआधी डिस्चार्जचे कागद आदल्या संध्याकाळी तयार करण्याची सवय लावली तरी दुपारची कोंडी बरीच सुटेल.

रिकाम्या खाटांचंही असंच. मध्यरात्री तीस वजा एकवीस म्हणजे नऊ रिकाम्या. त्यातल्या दोन बंद, म्हणून खऱ्या सात: पुरुष दोन, स्त्री तीन, प्रसूती एक, आयसीयू एक. रात्री दीडला गाडी उलटून तीन पुरुष जखमी आले तर 'सात खाटा रिकाम्या' या वाक्याचा रात्रपाळीच्या डॉक्टरला काहीच उपयोग नाही. त्याला विभागवार आकडे हवेत. चार खाटांच्या आयसीयूची टक्केवारी तर काढूच नये. तिथे एक पेशंट म्हणजे पंचवीस टक्के, त्यामुळे आलेख उड्या मारतो आणि कळत काही नाही. पंच्याऐंशी टक्क्यांवर धोका, हा सर्वत्र उद्धृत होणारा आकडा १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासाने रूढ केला. त्यात संगणकावर उभ्या केलेल्या काल्पनिक रुग्णालयात तातडीचे रुग्ण येत राहिले तर काय होईल ते पाहिलं होतं. छोट्या वॉर्डात एकदोन पेशंटांनीच खाटा संपतात, त्यामुळे तिथे टंचाई त्याहून बऱ्याच खालच्या सरासरीलाही येते.

महिना संपला की या रोजच्या कागदांतून तीन आकडे काढावेत. समजा, जूनमध्ये रुग्णदिवस भरले ६३० आणि मृत्यू धरून बाहेर पडलेले २१०. तीस खाटा गुणिले तीस दिवस म्हणजे ९०० खाटदिवस. भरणा ७० टक्के. सरासरी मुक्काम ६३० भागिले २१०, म्हणजे तीन दिवस. तिसरा आकडा फारसा कुणी काढत नाही, पण मला तो सगळ्यात बोलका वाटतो: ९०० वजा ६३० म्हणजे २७० रिकामे खाटदिवस, भागिले २१०. उत्तर १.२९ दिवस. एक पेशंट उठल्यापासून दुसरा येईपर्यंत खाट सरासरी एकतीस तास मोकळी राहते. पुढच्या महिन्यात भरणा तेवढाच राहिला, पण मुक्काम चार दिवसांवर गेला, तर त्याचा अर्थ पेशंट कमी आले आणि राहिले जास्त. ते आजारामुळे राहिले की रिपोर्ट वेळेवर न मिळाल्यामुळे, हे मग केसपेपर काढून पाहावं लागतं.

धर्मादाय न्यासाचं रुग्णालय असेल तर कागदावर आणखी दोन ओळी लागतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. तीस खाटांना तीन आणि तीन. त्यांतल्या आज किती भरल्या, हे रोज लिहिलेलं असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या चौकशीला तोंड देताना जुन्या फायली उपसाव्या लागत नाहीत.

आता सॉफ्टवेअर विकणारे सांगतात की हे सगळं बटणावर मिळेल. मिळतंही. पण बऱ्याच प्रणालींत बिल बंद झालं की खाट आपोआप रिकामी होते, आणि संगणकाला कॉटवर बसलेला माणूस दिसत नाही. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: खाट रिकामी झाल्याची नोंद बिलावर होते की वॉर्डातून, आणि मध्यरात्रीचा आकडा नंतर कुणी बदलला तर त्याची खूण राहते का. आणि पैसे मोजण्याआधी एक महिना वर दिलेला तक्ता साध्या कागदावर भरून पाहा, खाली रात्रपाळीच्या सिस्टरांची आणि व्यवस्थापकाची सही घ्या. ज्या रुग्णालयाचा हिशेब कागदावर जुळत नाही, त्याचा संगणकावरही जुळणार नाही.